पावसाळ्यात कानाचं मशीन दुपारी का दगा देतं?

*माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही कानांना मशीन घेतलं. मशीन कानामागे बसतं आणि बारीक तारेला जोडलेला स्पीकर कानात जातो. तपकिरी स्टिकरचा सेल लागतो. उन्हाळ्यात काही तक्रार नव्हती. जुलैपासून उजव्या मशीनमधून फाटका, खरखरीत आवाज येतो आणि मग ते गप्प होतं. आधी हे दुपारी तीनच्या सुमाराला व्हायचं, आता अकरालाच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालू! सेल बदलून झाले. दुकानात सकाळी नेलं तर तिथे एकदम व्यवस्थित चाललं. रात्री ते डबीत घालून बेसिनवरच्या कपाटात ठेवतो. नातेवाइकांच्या सांगण्यावरून दोन रात्री तांदळातही ठेवलं. मशीन गेलं आहे का? नवीन घ्यावं लागेल का?*
*— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर*

ताई, नवीन मशीनचा विचार सध्या बाजूला ठेवा. सकाळी चांगलं, दुपारी खराब आणि ही वेळ दिवसेंदिवस अलीकडे सरकत चाललेली, ही खूण बहुतेक वेळा ओलाव्याचीच असते. मशीनमधलं इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडलं असतं तर त्याने घड्याळ पाहिलं नसतं. दिवसभरात ओल साठते, रात्री थोडी उडते, पण पूर्ण उडत नाही. त्यामुळे दुसरा दिवस कालच्या शिलकीवर सुरू होतो आणि बिघाडाची वेळ तीनवरून अकरावर येते. वडिलांना मशीन नेमकं किती वाजता खरखरायला लागलं हे एका कागदावर रोज लिहून ठेवायला सांगा. पुढच्या आठवड्यात हीच नोंद सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

ओल येते कुठून, ते आधी पाहू. पावसाच्या थेंबांपेक्षा घामाचा वाटा मोठा असतो. कानाच्या नळीतली हवा अंगाइतकी गरम आणि दमट असते, आणि वडिलांच्या मशीनचा स्पीकर, ज्याला दुकानात रिसीव्हर म्हणतात, तो दिवसभर त्याच हवेत असतो. रिसीव्हरच्या तोंडाशी आवाज बाहेर पडायला एक लहानसं भोक असतं आणि त्यावर वॅक्स गार्ड नावाची इवलीशी जाळी असते. ही जाळी मळ अडवते, वाफ अडवू शकत नाही. मशीन कानातून काढून थंड जागी ठेवलं की आत शिरलेल्या वाफेचं पाणी होतं. रिसीव्हरच्या पोटात एक पातळ धातूची पट्टी दोन चुंबकांच्या मधल्या अगदी अरुंद फटीत थरथरते आणि ती थरथर एका नाजूक पडद्याला पोचते. त्या पडद्यावर किंवा फटीत पाण्याचा कण बसला की पट्टीला मोकळं हलता येत नाही. हळू आवाज कसाबसा निघतो, पण मोठा आवाज आला की फाटतो. जाळीवर पाण्याचा पडदा धरला तर आवाज बाहेरच पडत नाही, आणि माणसाला वाटतं मशीन बंद पडलं.

पण एवढंच असतं तर रात्रभरात पाणी उडून गेलं असतं आणि विषय संपला असता. खरी अडचण मिठाची आहे. घामातलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ते तुम्ही दरवर्षी पाहता. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून विरघळायला लागतं. वडिलांच्या मशीनवर, जाळीवर आणि थोड्या प्रमाणात रिसीव्हरच्या तोंडाशी हेच घडतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घाम भरपूर येतो, पण हवा इतकी कोरडी असते की मीठ कोरडंच बसून राहतं आणि काही बोलत नाही. जुलै ते सप्टेंबर तेच मीठ ओलं होतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणजे त्रासाचे दिवस अजून संपलेले नाहीत. ओलं मीठ धातूला खातं, आणि पुढे मशीन कायमचं जातं ते या गंजामुळे.

म्हणून बेसिनवरचं कपाट ही घरातली सगळ्यात चुकीची जागा आहे. अंघोळीची, तोंड धुण्याची वाफ तिथे जाते. शिवाय मशीनची डबी बंद असते, म्हणजे दिवसभराची ओल त्याच डबीत कोंडली जाते. तिथे आर्द्रता ७५ च्या खाली येण्याची संधीच मिळत नाही. तांदळाचंही तसंच आहे. घरात साठवलेल्या तांदळात स्वतःचंच १२ ते १४ टक्के पाणी असतं. तो भोवतालच्या हवेशी जुळवून बसलेला असतो, त्यामुळे डब्यातली हवा त्याहून फारशी कोरडी करू शकत नाही. वर त्याची पिठी मायक्रोफोनच्या भोकात आणि जाळीवर बसते. त्या दोन रात्रींची पिठी आजच मऊ ब्रशने झटकून टाका. झटकताना मशीनची भोकं खालच्या बाजूला धरा, म्हणजे धूळ आत न जाता खाली पडेल.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

यासाठी घरी तीन गोष्टी पाहता येतात. त्या दुपारी, मशीन खरखरत असतानाच पाहायच्या. सकाळी पाहून काही कळणार नाही.

पहिली, सेलची अदलाबदल. उजवीकडचा सेल डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे घाला. दोष सेलबरोबर डाव्या मशीनमध्ये गेला तर सेल खराब. उजवीकडेच राहिला तर सेल निर्दोष. पावसाळ्यात सेलचीही एक वेगळी खोड असते, ती माहीत असावी. हे सेल हवेवर चालतात. त्यांच्या एका बाजूला बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून आत गेलेल्या ऑक्सिजनवर वीज तयार होते. छिद्रांवर घामाचा पातळ थर आला की सेल गुदमरतो. मशीन सेल संपल्याची सूचना देऊन बंद होतं. सेल बाहेर काढून कोरड्या कापडाने पुसला आणि पाच मिनिटं उघडा ठेवला की पुन्हा चालतो. अशा वेळी आवाज फाटत नाही, सरळ बंद पडतो. तुमच्याकडे आधी फाटतो आणि मग बंद होतो, म्हणून सेलवर माझा संशय कमी आहे. तरी खात्री करा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. सेलचं झाकण बंद केल्यावर काही सेकंदांनी मशीन सुरू होतानाची धून किंवा टूं-टूं वाजते. हा आवाज मशीनच्या आतच तयार होतो, मायक्रोफोनचा त्याच्याशी संबंध नसतो. वडिलांना विचारा, खरखर चालू असताना झाकण उघडून बंद केलं तर ती धून कशी ऐकू येते? धूनच फाटकी किंवा दबलेली असेल तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्या जाळीत आहे. धून स्वच्छ आणि माणसांचं बोलणं मात्र दबलेलं असेल, तर ओल कानामागच्या भागातल्या मायक्रोफोनच्या भोकांत आहे. मशीन मोबाइलला जोडलेलं असेल तर हीच परीक्षा फोनवरून होते. फोनवरचं बोलणं स्वच्छ आणि समोरच्याचं अस्पष्ट असेल तर मायक्रोफोन, दोन्ही फाटकं असेल तर रिसीव्हर.

तिसरी, जाळी बदलून पाहणं. वॅक्स गार्डच्या पाकिटात छोट्या दांड्या येतात. दांडीच्या एका टोकाला जुनी जाळी ओढायचा रिकामा आकडा असतो, दुसऱ्या टोकाला नवी जाळी. आधी कानात जाणारी रबरी टोपी, म्हणजे डोम, हलक्या हाताने ओढून काढा. रिसीव्हरचं तोंड खाली धरा. रिकामा आकडा जुन्या जाळीत सरळ दाबा आणि सरळच बाहेर ओढा, पिळू नका. मग दांडी उलटी करून नवी जाळी बसेपर्यंत दाबा आणि दांडी काढून घ्या. काही मशीनची जाळी वेगळ्या पद्धतीने बसते, तेव्हा तुमच्या मशीनसाठी कुठली जाळी लागते हे पहिल्यांदा दुकानातून विचारून घ्या. चुकीच्या मापाची जाळी आत अडकून बसते. डोम परत घट्ट बसवून थोडा ओढून पाहा. सैल बसलेला डोम मशीन काढताना कानातच राहतो. जाळी बदलल्याबरोबर आवाज पूर्ण स्वच्छ झाला तर रिसीव्हर शाबूत आहे आणि महिनाभर तरी निश्चिंती. थोडाच सुधारला तर ओल जाळीच्या मागेही आहे.

जाळी दोन्ही मशीनची एकाच दिवशी बदला. पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी बदललेली बरी, कारण मीठ आधी तिथेच साठतं. रिसीव्हरच्या पोटातलं मीठ घरी धुऊन काढता येत नाही. ते आत जाऊ न देणं एवढंच आपल्या हातात आहे.

रात्रीचा डबा

आता मुख्य काम. मीठ कोरडं ठेवायचं तर मशीनच्या भोवतालची हवा ७५ टक्क्यांच्या बरीच खाली आणायला हवी, आणि हे काम सिलिका जेल बिनबोभाट करते. रंग बदलणारी, नारिंगी दाण्यांची सिलिका जेल ५० ग्रॅम घ्या. कोरडी असताना ती नारिंगी असते, पाण्याने भरली की हिरवट किंवा फिकट होते. निळे दाणे गुलाबी होतात तो प्रकारही मिळतो, पण त्यातला रंग कोबाल्टचा असतो आणि तो विषारी आहे. घरात नातवंडं असतील तर तो आणूच नका. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन जेल मिळते. बुटांच्या खोक्यातली पुडी चालणार नाही. त्यात एक-दोन ग्रॅम जेल असते आणि तुमच्या हातात येईपर्यंत ती बहुधा भरलेली असते.

डबा अर्ध्या लिटरचा, झाकणाला रबरी कडा असलेला आणि चारही बाजूंनी कुलूप लागणारा घ्या. आपला नेहमीचा स्टीलचा डबा नको, त्याच्या झाकणातून हवा आत-बाहेर करत राहते. डबा घट्ट आहे का हे पाहायला त्यात पाणी भरा, झाकण लावून दहा मिनिटं उलटा ठेवा. थेंबही बाहेर आला नाही तर पास. मग डबा पूर्ण वाळवून घ्या.

दाणे मशीनला लागू देऊ नका, त्यांचा चुरा मायक्रोफोनमध्ये जातो. घट्ट विणीच्या सुती कापडाची पुरचुंडी करून त्यात दाणे बांधा, ती तळाशी ठेवा आणि वर छिद्रांची प्लॅस्टिकची ताटली किंवा चहाची जुनी प्लॅस्टिकची गाळणी उपडी ठेवून त्यावर मशीन ठेवा. पुरचुंडीसाठी आणि मशीन पुसण्यासाठीही टॉवेलचं कापड वापरू नका. सोलापूरच्या घरात तेच पहिलं हाताला लागतं हे खरं, पण टेरी टॉवेलचे तंतू सुटतात आणि जाळीवर बसून घाम धरून ठेवतात. जुनं, अनेकदा धुतलेलं धोतर किंवा चष्मा पुसायचं कापड उत्तम.

रात्रीचा क्रम असा ठेवा. मशीन काढल्याबरोबर सेल बाहेर काढा. आधी कानामागचा भाग, मग तार, शेवटी डोम कोरड्या कापडाने पुसा. हा क्रम उलटा केला तर कानातला मळ मायक्रोफोनवर फासला जातो. पुसणं टाळू नका. पुसल्याने पाण्याबरोबर मीठही जातं, नुसतं वाळवल्याने मीठ जागेवरच राहतं. सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन डब्यात ठेवा, झाकणाच्या चारही कड्या लावा. सकाळपर्यंत सात-आठ तास मिळतात, तेवढे पुरतात. सेल मात्र डब्यात ठेवायचे नाहीत. त्यांच्या आतही पाणी असतं आणि जेल ते ओढून घेते, मग सेल लवकर संपतो. ते बाहेर एका कोरड्या, लहान मुलांच्या हाती न लागणाऱ्या डबीत, एकमेकांना आणि नाण्या-किल्ल्यांना न लागतील असे ठेवा. हा सेल मुलाने गिळला तर ते तातडीने दवाखान्यात नेण्याचं प्रकरण असतं.

डबा झोपण्याच्या खोलीत, लाकडी कपाटात ठेवा. फ्रिजवर, सेट टॉप बॉक्सवर, गॅसच्या जवळ, खिडकीत नको.

जेल किती दिवस टिकेल? अर्ध्या लिटर दमट हवेत जेमतेम दहा मिलिग्रॅम पाणी असतं. डबा दिवसातून दोन-तीनदा उघडला आणि मशीनमधली ओल धरली तरी रोजचं पाणी फार तर चिमूटभर. ५० ग्रॅम जेल काही ग्रॅम पाणी सहज धरते, म्हणजे तिने महिनाभर तरी चालायला हवं. आठवड्यातच दाणे हिरवट झाले तर जेलला दोष देऊ नका, झाकण गळतं आहे. रंग बदलल्यावर दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर, पातळ पसरून, दीड-दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. त्यासाठी स्वयंपाकाची नसलेली वेगळी ताटली ठेवा. गरम दाणे झाकणाच्या काचेच्या बरणीत गार होऊ द्या आणि मगच डब्यात घाला. ओव्हन नसेल तर नवी जेल आणा. कढईत भाजताना तापमान हातात राहत नाही आणि रंग जळून जातो, मग दाणे भरले की नाही हे कळायची सोयच उरत नाही.

दिवसा काय करता येईल

दुपारची झोप ही आपली खरी संधी आहे. वडील वामकुक्षीला मशीन घालूनच आडवे होतात का, आणि उजव्या कुशीवर? तसं असेल तर उजवंच मशीन का बिघडतं याचं उत्तर तिथे असू शकतं. उशीत दाबलेल्या कानात हवा खेळत नाही आणि घाम मशीनवरच मुरतो. झोपताना मशीन काढून, पुसून तासभर त्याच डब्यात ठेवलं तर दिवसाची साठवण अर्ध्यावरच तुटते. ही एकच सवय लागली तर तुमची अकराची वेळ संध्याकाळवर जाईल, असा माझा अंदाज आहे.

टोपी घालत असतील तर तिची कड मशीनवर येते का ते पाहा. टोपीखालचा घाम कडेने उतरून थेट मायक्रोफोनच्या भोकांवर येतो. टोपी बोटभर वर बसवायची किंवा मधूनमधून काढून कानामागची जागा आणि मशीन पुसायचं. पावसात रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली की आत वाफ धरते. थोडं अंतर छत्रीने चालून जाता येत असेल तर छत्रीच बरी. अंघोळीनंतर केसांचं पाणी आणि कानाची बाहेरची बाजू टिपून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच मशीन घाला. डोक्याला तेल लावायचं असेल तर रात्री, मशीन काढल्यावर. कानात तेल तर घालूच नका, वडील लहानपणापासून घालत आले असले तरी. जाळी तेलाने बसते ती पुन्हा मोकळी होत नाही, आणि ओल, तेल, उबदार कान यांत पावसाळ्यात बुरशी धरते. कानाला खाज, दडा, पाणी किंवा वास येत असेल तर मशीन बंद ठेवा आणि आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. कान वाहत असेल तर कितीही जाळ्या बदलल्या तरी रिसीव्हर वाचणार नाही.

दुपारी खरखर सुरू झालीच तर तोंडाने फुंकर मारू नका. फुंकरीत वाफ असते, ती आपण नेमक्या त्याच भोकात भरतो. हेअर ड्रायर, ऊन, कुकरच्या झाकणावर ठेवणं हे सगळं वर्ज्य. उष्णतेने रिसीव्हरचा पडदा आणि आतले चिकट जोड सैल होतात. स्पिरिटचा बोळा आणि टाचणीही नको. जाळी बदला, पुसा, तासभर डब्यात ठेवा, बस.

विकताना कोणी आयपी ६८, म्हणजे पाणी-धूळ आत जात नाही, असं म्हणाले असतील तर त्यावर फार विसंबू नका. ती चाचणी नव्या मशीनची, गोड्या पाण्यातली असते. दोन वर्षं घामाच्या मिठात वावरलेल्या मशीनची कोणी घेतलेली नसते. आणि सेलला हवा लागते म्हणजे हवेला वाट ठेवावीच लागते. जिथे हवा जाते तिथे वाफही जाते.

तुमच्या मशीनला सेल आहे म्हणून हे सोपं गेलं. हा मजकूर चार्जिंगचं मशीन असलेले वाचकही वाचतील, त्यांच्यासाठी एवढंच: संध्याकाळी मशीन बंद करून दोन तास जेलच्या डब्यात ठेवा आणि मग चार्जरवर लावा. चार्जर डब्यात घालू नका.

चार रात्रींनंतर नोंद वाचा

आज जाळ्या बदला आणि डबा सुरू करा. चार रात्री झाल्यावर वडिलांचा कागद पाहा. समजा पहिल्या दिवशी खरखर अकराला होती, दुसऱ्या दिवशी दीडला, तिसऱ्या दिवशी चारला आणि चौथ्या दिवशी झालीच नाही, तर निदान पक्कं: ओल होती, गंज नाही. डबा ऑक्टोबरअखेरपर्यंत रोज चालू ठेवा. वेळ पुढे सरकली पण एका जागी येऊन अडकली, म्हणजे रोज तीन-चारच्या सुमाराला होतंच आहे, तर रिसीव्हरमध्ये मीठ मुरलं आहे. दुपारच्या वाळवणीने दिवस निघेल, पण तो रिसीव्हर फार काळ टिकेल असं धरू नका. आणि चार कोरड्या रात्रींनंतरही अकराचे अकराच राहिले, किंवा सकाळी सुरू होतानाची धूनच फाटकी येऊ लागली, तर आत गंज धरला आहे. तेव्हा रिसीव्हर बदलावा लागेल. तुमच्या प्रकारच्या मशीनमध्ये रिसीव्हर तारेसकट वेगळा निघतो, म्हणून सगळं मशीन बदलायचं कारण नाही. सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड दिसली किंवा झाकण दाबल्यावर आवाज येतो-जातो असं असेल तर तेही तंत्रज्ञाला सांगा, तो दोष रिसीव्हरचा नाही.

दुकानात मशीन व्यवस्थित का चाललं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. ते रात्रभर विसावून, सकाळी, कानाबाहेर तपासलं गेलं. पुन्हा नेताना आदल्या रात्री डब्यात ठेवू नका. वडिलांनी सकाळपासून मशीन घालावं, खरखर सुरू झाली की ते कानातच ठेवून दुकानात यावं, आणि तंत्रज्ञाने तिथेच काढून ऐकावं. आवाज किती फाटतो हे मोजणाऱ्या यंत्रावर उजव्या आणि डाव्या दोन्ही मशीनची चाचणी घेऊन आकडे शेजारी-शेजारी दाखवायला सांगा. डावं मशीन चांगलं आहे, म्हणजे तुलनेला माप घरचंच आहे. रिसीव्हर बदलायचं ठरलं तर जुन्याच तारेच्या लांबीचा आणि जुन्याच ताकदीचा मागा, ते दोन्ही सहसा त्याच्यावर छापलेलं असतं. ताकद वेगळी बसवली तर सगळं मशीन वडिलांच्या कानाच्या तपासणीनुसार पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. बदललेला जुना रिसीव्हर परत मागून घ्या. त्याची जाळी काढून भिंगातून तोंडाशी पाहा. पांढरा थर दिसला तर ते घामाचं मीठ असण्याचीच शक्यता जास्त, आणि मग नव्या रिसीव्हरसाठी डबा पहिल्याच रात्रीपासून लागेल.